गडद रंगातली पांढरी अक्षरं: छपाईत ती का बुजतात आणि किती जाड ठेवली म्हणजे टिकतात



लेबल, पाऊच, व्हिजिटिंग कार्ड किंवा मेनू कार्ड करून घेताना एक मागणी हमखास येते. "बॅकग्राउंड डार्क ठेवा, त्यावर पांढरी अक्षरं टाका, रिच दिसतं." खरंय, दिसतं. पण स्क्रीनवर स्वच्छ दिसणारी तीच अक्षरं छापून आली की कधी बारीक होतात, कधी त्यांच्या एका बाजूला लाल रेघ दिसते, तर कधी अनुस्वारच गायब होतो. मग ग्राहक डिझायनरला बोलतो, डिझायनर प्रेसवाल्याला बोलतो आणि प्रेसवाला म्हणतो, "मशीन बरोबर आहे, तुमची फाइल बघा." पाच हजार लेबलं मात्र तशीच पडून राहतात.

या भांडणात बऱ्याचदा प्रेसवाल्याचंच खरं असतं. कसं ते आज नीट समजून घेऊ. व्हिडिओत मी हे हाताने दाखवलंय, इथे आकडे आणि पायऱ्या लिहून देतो. म्हणजे पुढची ऑर्डर देताना समोर ठेवून बघता येईल.

पांढरं अक्षर छापलं जातच नाही

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या. ऑफसेटमध्ये पांढरी शाई नसते. मरून रंगावर पांढरं "लिंबू लोणचं" दिसतं तेव्हा तिथे काहीही छापलेलं नसतं. मरून रंगात अक्षराच्या आकाराचं भोक ठेवलेलं असतं आणि त्यातून कागद दिसतो. आपल्या धंद्यात याला रिव्हर्स म्हणतात.

याचा पहिला परिणाम असा की शाई अक्षराच्या विरुद्ध काम करते. पांढऱ्या कागदावर काळं अक्षर छापलं तर शाई काठाकाठाने किंचित पसरते आणि अक्षर थोडं जाड होतं. ते वाचायला त्रास होत नाही. रिव्हर्समध्ये शाई बाहेरून आत पसरते, त्यामुळे अक्षर बारीक होतं. फॉन्ट तोच, साईज तीच, तरी एक छपाईत जाड होतो आणि दुसरा रोडावतो. म्हणून "हा फॉन्ट आपल्या बिलबुकवर मस्त आला होता" या अनुभवाचा इथे उपयोग नाही.

दुसरा परिणाम जास्त त्रासाचा आहे. मरून ही बहुतेक वेळा एक शाई नसते. चार कलर छपाईत ती सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा मिळून तयार होते. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. म्हणजे तुमच्या अक्षराचं भोक एकदा नाही, चार वेळा पडतं. ती चारही भोकं कागदावर एकमेकांवर तंतोतंत बसली तरच अक्षर स्वच्छ पांढरं दिसणार. हे बसवण्यालाच रजिस्ट्रेशन किंवा प्रेसच्या भाषेत रजिस्टर म्हणतात.

रजिस्टर हलतं म्हणजे नक्की काय होतं

समजा मजेंटाची प्लेट उजवीकडे 0.1 मिलिमीटर सरकली. मजेंटाचं भोकही तेवढंच उजवीकडे गेलं. आता प्रत्येक उभ्या रेघेच्या डाव्या काठावर 0.1 मिलिमीटर मजेंटा चढला, म्हणजे तेवढं पांढरं कमी झालं. उजव्या काठाबाहेर 0.1 मिलिमीटर पट्टीत मजेंटा पोचलाच नाही, म्हणून तिथे बॅकग्राउंडचा रंग वेगळा दिसतो. एका बाजूला झळ आणि दुसऱ्या बाजूला फिकी किनार दिसली की समजायचं, रजिस्टर हललंय.

हिशेब अगदी सोपा आहे:

स्वच्छ उरलेलं पांढरं = रेघेची जाडी − प्लेटांमधला एकूण फरक

एक प्लेट उजवीकडे 0.1 आणि दुसरी डावीकडे 0.05 गेली, तर एकूण फरक 0.15. रेघ 0.15 मिलिमीटरची असेल तर स्वच्छ पांढरं काहीच उरत नाही. ब्रँडच्या नावाची 1 मिलिमीटरची रेघ मात्र 0.85 उरते, आणि कुणाला काही कळतही नाही. म्हणून एकाच लेबलवर मोठं नाव झकास येतं आणि खालची बारीक ओळ खराब दिसते. मशीन दोन्हीकडे तेवढंच हललेलं असतं.

आता 0.1 मिलिमीटर ही चूक आहे का? नाही. चांगल्या चार कलर मशीनवरसुद्धा एवढा फरक चालू कामात धरूनच चालायचा असतो. फोटोत तो दिसत नाही, मोठ्या अक्षरात दिसत नाही. तो दिसतो फक्त बारीक रिव्हर्समध्ये. म्हणूनच मी म्हटलं की प्रेसवाल्याचं बऱ्याचदा खरं असतं. डिझाइनमध्ये त्या फरकाला जागाच ठेवलेली नसते.

फरक का पडतो, तर मुख्य कारण कागद. ऑफसेटमध्ये शाईबरोबर पाणी असतं. कागद ते पाणी पितो आणि किंचित फुगतो. मशीन कागदाला ज्या काठाने पकडतं त्या ग्रिपरच्या बाजूला फरक कमी राहतो, आणि शेपटीकडच्या दोन कोपऱ्यांत तो जास्त दिसतो, जणू पंखा थोडा उघडावा तसा. चार कलर मशीनवर कागद एकाच फेरीत चारही रंग घेऊन बाहेर येतो. एक कलर किंवा दोन कलर मशीनवर मात्र तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये कागदाची थप्पी रात्रभर पडून राहिली, त्यात पावसाळा असला, की सकाळी तो कागद कालच्या मापाचा राहत नाही. म्हणून चांगले प्रेसवाले थप्पी प्लास्टिकने झाकून ठेवतात.

देवनागरीला याचा फटका वेगळा बसतो

प्रेस मिनिमम साईज सांगतात तेव्हा बहुतेक वेळा इंग्रजी अक्षर डोळ्यासमोर ठेवून सांगतात. आपल्या लिपीचं गणित वेगळं आहे. 8 पॉइंटमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षराला बरीचशी उंची मिळते. देवनागरीत त्याच उंचीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचा असतो. त्यामुळे मूळ अक्षर लहान होतं आणि त्याच्या रेघा बारीक.

प्लेट आडवी सरकली तर काना आणि अक्षरांचे उभे दंड खाल्ले जातात. वरखाली सरकली तर शिरोरेषा जाते. शिरोरेषा बुजली की शब्द सुटा सुटा होतो आणि लांबून गुजरातीसारखा दिसायला लागतो. अनुस्वार हा एक ठिपका, त्याला चारही बाजूंनी शाई खाते. म्हणून "लिंबू"चं "लिबू" होतं. जोडाक्षरात मधली जोडणारी रेघ आधी तुटते.

आकड्यांचंही तसंच. रिव्हर्समध्ये 8 चं पोट भरत नाही, उलट त्याची बारीक कमान तुटते, आणि तुटका 8 हा 3 सारखा वाचला जातो. एफएसएसएआय लायसन्सचा नंबर 14 आकडी असतो. त्यातला एक आकडा चुकीचा वाचला गेला तरी तो नंबर तुमचा राहत नाही. पॅकबंद मालावरची माहिती ठळक, वाचता येणारी आणि बॅकग्राउंडपासून उठून दिसणारी हवी असा नियमच आहे. तेव्हा हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, ते लेबल बरणीला लावता येईल की नाही, हा प्रश्न आहे.

साईज बघू नका, सगळ्यात बारीक रेघ बघा

"रिव्हर्सला किती पॉइंट सेफ?" हा प्रश्न मला रोज येतो. त्याचं उत्तर साईजमध्ये देता येत नाही, कारण टिकते ती रेघ, साईज नव्हे. 11 पॉइंटचा लाइट फॉन्ट हा 8 पॉइंटच्या बोल्डपेक्षा जास्त धोक्याचा असतो.

रेघ मोजायची पद्धत अशी. तुमच्या फॉन्टमध्ये "लिंबू" हा शब्द 100 पॉइंटला टाईप करा. झूम करून सगळ्यात बारीक जागा शोधा. ती बहुतेक एखाद्या आडव्या वळणात किंवा जोडात सापडते. तिच्यावर अचूक बसेल असा छोटा चौकोन काढा आणि त्याची जाडी पॉइंटमध्ये वाचा. 100 पॉइंटला 6.5 पॉइंट आली, तर कुठल्याही साईजला ती साईजच्या साडेसहा टक्के असणार. 1 पॉइंट म्हणजे साधारण 0.35 मिलिमीटर, हे लक्षात ठेवा म्हणजे मिलिमीटरमध्ये आणता येईल.

आता किती जाड हवी? माझ्या दुकानात मी असा नियम धरतो: मशीनचा फरक, अधिक 0.15 मिलिमीटर. हे वरचे 0.15 शाईच्या पसरण्यासाठी आणि डोळ्याला वाचता येण्यासाठी. त्यावरून तीन आकडे निघतात.

1. बॅकग्राउंड एकाच शाईचा असेल, म्हणजे नुसता काळा किंवा एखादी खास मिसळलेली शाई, तर रजिस्टरचा प्रश्नच नाही. भोक एकच आहे. इथे सगळ्यात बारीक रेघ अर्धा पॉइंट, म्हणजे 0.18 मिलिमीटरच्या आसपास चालते.

2. चार कलर मशीनवर एका फेरीत काम होणार असेल तर फरक 0.1 धरा. रेघ 0.25 मिलिमीटर, म्हणजे 0.7 पॉइंट.

3. छोट्या मशीनवर दोन किंवा जास्त फेऱ्या होणार असतील तर फरक 0.2 धरा. रेघ 0.35 मिलिमीटर, म्हणजे पूर्ण 1 पॉइंट.

हे आकडे आर्ट पेपरसारख्या गुळगुळीत कागदाचे आहेत. मॅपलिथो किंवा क्राफ्टसारखा कागद शाई जास्त पितो, तिथे एक पायरी वर चढा. प्लास्टिक पाऊचची फ्लेक्सो छपाई आणि स्क्रीन प्रिंटिंग यांना याहून जाड रेघ लागते. तिथे त्या प्रेसचा स्वतःचा आकडा विचारूनच काम करा.

एक लेबल पूर्ण सोडवून बघू

घरगुती लोणच्याचा व्यवसाय आहे असं धरू. 250 ग्रॅमची बरणी, आर्ट स्टिकरवर 5,000 लेबलं. प्रेसकडे दोन कलर मशीन आहे, म्हणजे कागद दोनदा जाणार. पहिल्या फेरीत काळा आणि सायन, दुसऱ्या फेरीत मजेंटा आणि पिवळा. बॅकग्राउंड मरून: सायन 40, मजेंटा 100, पिवळा 90, काळा 50. त्यावर तीन गोष्टी पांढऱ्या आहेत.

ब्रँडचं नाव 34 पॉइंट बोल्ड. बारीक रेघ साईजच्या 10 टक्के, म्हणजे 3.4 पॉइंट, जवळपास 1.2 मिलिमीटर.

"आजीच्या हातची चव" ही ओळ 11 पॉइंट लाइट. बारीक रेघ 4 टक्के, म्हणजे 0.44 पॉइंट, सुमारे 0.15 मिलिमीटर.

घटक पदार्थ, पत्ता आणि लायसन्स नंबर 6 पॉइंट रेग्युलर. बारीक रेघ 6.5 टक्के, म्हणजे 0.39 पॉइंट, सुमारे 0.14 मिलिमीटर.

बघा, 11 पॉइंटची ओळ आणि 6 पॉइंटची ओळ दोन्हींची रेघ जवळजवळ सारखीच निघाली. डोळ्याला मोठी वाटणारी ओळ तेवढीच कमजोर आहे.

आता दोन फेऱ्यांच्या मध्ये 0.15 मिलिमीटरचा फरक पडला. मजेंटा आणि पिवळा एकाच फेरीत आहेत, म्हणून ते दोघं मिळून सरकले. अक्षरांच्या एका काठावर मजेंटा आणि पिवळा चढला, म्हणजे तिथे भडक लाल दिसणार. दुसऱ्या काठाबाहेर नुसता सायन आणि काळा उरला, तिथे निळसर राखाडी किनार दिसणार. ब्रँडच्या नावात 1.05 मिलिमीटर पांढरं उरलं, ते ठीक दिसतं. मधल्या ओळीत बारीक जागा पूर्ण लाल झाल्या. घटक पदार्थांची यादी वाचता येत नाही. अशी 5,000 लेबलं आली तर ती बरणीला लावता येत नाहीत, आणि प्रेसवाला म्हणतो तो फरक त्याच्या मशीनच्या मर्यादेतच आहे.

दुरुस्ती मशीनवर नाही, फाइलमध्ये करायची. एकेक करून बघू.

घटक पदार्थांची यादी गडद रंगातून बाहेर काढा. दोन फेऱ्यांसाठी 1 पॉइंट रेघ हवी. रेग्युलर फॉन्टमध्ये त्यासाठी 15 पॉइंटच्या वर जावं लागेल, आणि लेबलवर तेवढी जागा नाही. म्हणून मरूनमध्ये एक पांढरा चौकोन मोकळा सोडा आणि त्यात काळ्या अक्षरात 7 पॉइंटला मजकूर टाका. काळा म्हणजे फक्त काळी शाई 100, बाकी तिन्ही शून्य. वर्डमधून किंवा फोनवरून आलेला काळा कधी कधी चार रंगांचा होऊन बसतो, मग इथेही रंगीत सावली दिसायला लागते. चौकोनाच्या कडेला 0.15 ची लाल रेघ आली तरी ती एवढ्या मोठ्या आकारात नजरेत भरत नाही.

मधली ओळ जाड करा. त्याच फॉन्टच्या सेमीबोल्डमध्ये बारीक रेघ साडेआठ टक्के निघाली असं धरा. 12 पॉइंटला ती 1.02 पॉइंट होते, म्हणजे 0.36 मिलिमीटर. साईज फक्त एक पॉइंटने वाढली, पण रेघ दुपटीहून जाड झाली. म्हणून देवनागरी फॉन्ट निवडतानाच त्याची चार-पाच वजनं आहेत का ते बघा. मुक्तासारख्या फॉन्टमध्ये अगदी बारीकपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सगळी मिळतात. एकाच वजनाच्या फॉन्टला पांढरी आउटलाइन देऊन जाड करता येतं, पण मग जोडाक्षरांमधल्या फटी बुजतात, ते झूम करून तपासा.

मरूनमधला सायन काढा. सायन शून्य, काळा थोडा वाढवून 60 करा आणि प्रूफवर रंग पसंत पडतो का बघा. बहुतेक वेळा मरून तेवढाच भारी दिसतो. आता अक्षराचा काठ ठरवणाऱ्या प्लेट राहिल्या मजेंटा, काळा आणि पिवळा. पिवळा फिका असतो, पांढऱ्यावर 0.1 मिलिमीटर चढला तर डोळ्याला फारसा जाणवत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने सांभाळायच्या दोनच प्लेट उरल्या.

त्या दोन प्लेट एकाच फेरीत घ्यायला सांगा. मजेंटा आणि काळा एकत्र छापले तर दोन फेऱ्यांमधला कागदाचा फरक त्यांच्यामध्ये येतच नाही. रंगांचा क्रम बदलल्याने छटा थोडी बदलू शकते, म्हणून हा निर्णय ऑपरेटरशी बोलून घ्या. पण विचारल्याशिवाय तो स्वतःहून हे करेल असं धरू नका. त्याला तुमच्या फाइलमध्ये काय नाजूक आहे ते माहीत नसतं.

पांढऱ्याऐवजी पिवळी अक्षरं चालतात का बघा. मरूनच्या खाली पिवळा 90 आहेच. अक्षरंही पिवळी 90 ठेवली तर पिवळ्या प्लेटमध्ये भोकच लागत नाही, तो सलग जातो. मरूनवर पिवळं अक्षर आपल्याकडे हळदीकुंकवासारखं शोभतंही.

एवढं केल्यावर फरक 0.1 आला तरी मधल्या ओळीत 0.26 मिलिमीटर स्वच्छ जागा उरते. एकही जादा प्लेट लागली नाही, कागद तोच, मशीन तेच.

लेबलवर फोटो नसेल तर आणखी एक रस्ता आहे. मरून ही चार रंगांतून न काढता एकच मिसळलेली शाई घ्या. मग रिव्हर्सला एकच भोक, रजिस्टरची कटकट नाही, आणि अर्ध्या पॉइंटची रेघसुद्धा टिकते. दोन शायांत लेबल बसलं तर दोनच प्लेट लागतात. फोटो असेल तर मात्र ही पाचवी शाई होते आणि खर्च वाढतो.

काळा बॅकग्राउंड असेल तर ही युक्ती

गडद काळा दिसावा म्हणून काळ्या 100 च्या खाली सायन, मजेंटा, पिवळा टाकतात. त्यात रिव्हर्स असेल तर अक्षराचा काठ फक्त काळ्या प्लेटने ठरवायचा आणि बाकीचे रंग थोडे मागे सारायचे. कोरलमध्ये पांढऱ्या अक्षराला नुसत्या काळ्या 100 ची 0.6 पॉइंट आउटलाइन द्या आणि ती फिलच्या मागे जाईल असं टिक करा. अर्धी आउटलाइन बाहेर राहते, म्हणजे 0.3 पॉइंट, साधारण 0.1 मिलिमीटर. तेवढ्या पट्टीत फक्त काळा छापला जातो. बाकी प्लेट 0.1 हलल्या तरी पांढऱ्यापर्यंत पोचत नाहीत.

यात एक खोड आहे. काही ठिकाणी प्लेट काढताना काळा आपोआप ओव्हरप्रिंटवर टाकलेला असतो. तसं झालं तर खालचे रंग आउटलाइनखालीही छापले जातात आणि युक्ती वाया जाते. म्हणून प्लेट काढणाऱ्याला तसं सांगा आणि पीडीएफ Output Preview मध्ये उघडून एकेक रंग बंद-चालू करून बघा. सायनमधलं अक्षर काळ्यातल्या अक्षरापेक्षा जाड दिसलं तर बरोबर. त्याच वेळी पांढऱ्या अक्षरांवर ओव्हरप्रिंट लागलेलं नाही हेही बघून घ्या. पांढऱ्याला ओव्हरप्रिंट लागलं तर अक्षर बुजत नाही, ते छपाईत नाहीसंच होतं.

ही युक्ती मरूनला लावू नका. तिथे काळा फक्त 50-60 टक्के असतो, त्यामुळे अक्षराभोवती राखाडी कडं स्पष्ट दिसेल.

छापण्याआधी घरी करायची परीक्षा

स्क्रीनवर आणि कलर प्रिंटआउटवर तुमच्या मशीनचा फरक दिसत नाही, म्हणून प्रूफ बघून "ओके" म्हणणं इथे अपुरं आहे. हे करून बघा. सगळ्यात बारीक ओळीतला एक शब्द घ्या आणि कर्व्ह करा. त्याची कॉपी 0.15 मिलिमीटर उजवीकडे सरकवा. दोन्ही सिलेक्ट करून Intersect करा. जे उरेल ते म्हणजे फरक पडल्यावर टिकणारं पांढरं. तो उरलेला आकार गडद चौकोनावर पांढरा ठेवा, मूळ साईजला प्रिंट काढा आणि हातभर अंतरावरून वाचा. मग हेच खाली सरकवून करा, कारण शिरोरेषेची परीक्षा तिथे होते. दोन फेऱ्यांचं काम असेल तर 0.2 ने सरकवा. शब्द वाचता आला तर डिझाइन पास.

छापताना काय बघायचं

पहिली शीट हातात आली की 10 पट भिंग लावून ग्रिपरजवळचं एक लेबल आणि शेपटीच्या दोन्ही कोपऱ्यांतलं एकेक लेबल बघा. नुसतं मधलं बघून सही करू नका.

सगळ्या शीटवर रंगीत झळ एकाच बाजूला आणि सारखीच असेल तर प्लेट सरकलेली आहे. ऑपरेटर ते मशीनवर जुळवून देऊ शकतो, तसं सांगा. ग्रिपरजवळ बरोबर आणि शेपटीला फरक, किंवा डाव्या-उजव्या कोपऱ्यांत झळ उलट दिशांना असेल तर कागद ताणलाय. ते मशीनवर पूर्ण जुळत नाही, त्यासाठी डिझाइनमध्येच जागा हवी होती. रंगीत झळ कुठेच नाही, पण अक्षरं चारही बाजूंनी सारखीच बारीक झाली असतील तर शाई जास्त सुटलीय. ती कमी करायला सांगा आणि पुन्हा बघा.

जी शीट पसंत पडेल तिच्यावर सही करून तारीख टाका. एक प्रेसकडे, एक तुमच्याकडे. पुढे हजाराव्या शीटला फरक वाढला तर कशाशी तुलना करायची हे ठरलेलं असतं.

आणि ऑर्डर देतानाच प्रेसला तीन प्रश्न विचारा: मशीन किती कलरचं आहे, माझं काम किती फेऱ्यांत होणार, आणि रिव्हर्सला सगळ्यात बारीक रेघ तुम्ही किती धरता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर पॉइंट साईजमध्ये आलं, तर "कुठल्या फॉन्टला, कुठल्या वजनाला?" एवढं परत विचारा. उत्तर मिळालं की तो आकडा फाइलच्या नावाशेजारी लिहून ठेवा आणि डिझायनरला पहिल्याच दिवशी द्या.